पाटीवरची तारीख

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘बायकांची बैठक’ या कार्यक्रमात झालेलं बोलणं)

जेवणं आटोपली असतील, भांडी पालथी घातली असतील, तर जरा रेडिओजवळ या. आज मी तुम्हाला एक पाटी वाचून दाखवणार आहे. ही पाटी आमच्या मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात लागलेली आहे. त्या हॉटेलात आमच्या बचत गटातल्या सहा जणी काम करतो. खोल्या झाडणं, चादरी बदलणं, आणि गेल्या हंगामापासून पाणी भरणं आणि बाटल्या धुणं. म्हणून ही पाटी जितकी मालकांची, तितकीच आमची.

पाटीवर असं लिहिलं आहे :

‘पाहुण्यांना नमस्कार. या हॉटेलात आता पाण्याच्या एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्या मिळत नाहीत. तुमच्या खोलीत काचेच्या दोन बाटल्या भरून ठेवल्या आहेत. आणखी पाणी हवं असेल तर स्वागतकक्षाजवळ, जेवणघरात आणि पहिल्या मजल्यावर पाणी भरायची जागा आहे. तिथे तुमची स्वतःची बाटलीही भरून घ्या. पैसे नाहीत. पाणी आमच्या विहिरीचं आहे. ते गाळून, जंतू मारणाऱ्या दिव्याखालून येतं. नळाचा दिवा लाल असेल तर पाणी घेऊ नका, आम्हाला सांगा. तान्ह्या बाळासाठी उकळलेलं पाणी स्वयंपाकघरात मागा. आम्ही हे का करतो : रोज चाळीस बाटल्यांचा कचरा आमच्या गावात राहत होता आणि त्यातला बराच जाळला जात होता. पाण्याची शेवटची तपासणी :’

आणि या ‘तपासणी’ शब्दापुढे एक काळी चौकट आहे. तिच्यात खडूनं तारीख लिहायची. ही चौकट पहिल्या पाटीत नव्हती. ती कशी आली, तेच आज सांगायचं आहे. पण आधी बाटल्या का बंद झाल्या, ते सांगते.

आमच्या हॉटेलात वीस खोल्या. हंगामात सरासरी बारा भरलेल्या असतात. प्रत्येक खोलीला रोज लिटरच्या दोन बाटल्या फुकट, म्हणजे चोवीस झाल्या. जेवणघरात सोळा विकल्या जायच्या. एकूण चाळीस. लिटरची रिकामी बाटली साधारण वीस ग्रॅम भरते. चाळीस बाटल्यांचं वजन आठशे ग्रॅम, किलोसुद्धा नाही. ऐकायला किती थोडं वाटतं! पण वजन थोडं आणि जागा मात्र फार, हीच बाटलीची खोड. दोन दिवसांत एक पोतं फुगायचं. नोव्हेंबर ते मे असे दोनशे दिवस धरले तर आठ हजार बाटल्या होतात.

तुम्ही म्हणाल, भंगारवाला नेतो की. नेतो, पण त्याच्या सोयीनं. त्याला बाटली रिकामी हवी, चेपलेली हवी, वाळू नको, आणि एका फेरीत गाडी भरेल इतकी हवी. आमच्याकडे अर्ध्या प्यायलेल्या बाटल्याच जास्त. शिवाय बाटली एका जातीचं प्लास्टिक, झाकण दुसऱ्या जातीचं आणि वरचं वेष्टण तिसऱ्या जातीचं. बाटली गेली तरी झाकणं आणि वेष्टणं मागे राहतात. किनारा झाडायला गेलं की सगळ्यात जास्त हाताला लागतात ती झाकणंच. आणि जी बाटली भंगारात जाते, तिची बहुतेक वेळा पुन्हा बाटली होत नाही. तिचे धागे होतात, गाद्याउशांत भरायचा कापूस होतो. म्हणजे पाण्यासाठी दुसऱ्या दिवशी नवी बाटली लागतेच.

मग उरलेलं पोतं कुठे जायचं? खरं सांगते, लपवत नाही. हॉटेलच्या मागे माडाच्या झावळ्यांबरोबर जाळलं जायचं. आणि आम्हीही काही बाटल्या घरी न्यायचो. काहींत आगळ भरायचो आणि काही पावसाळ्यात बंब पेटवायला घ्यायचो. ओल्या लाकडाला बाटली लावली की झटकन धरतं, हे तुम्हालाही माहीत असेल. पण तो काळा धूर न्हाणीघरात कोंडतो, आणि तिथेच आपण पोराला आंघोळ घालतो. प्लास्टिकचा धूर लाकडाच्या धुरासारखा नसतो, त्यात विषारी वायू असतात. आमच्या गटातल्या एका काकींना दम्याचा त्रास. त्या एकदा बैठकीत म्हणाल्या, ‘पाहुणे पाणी पितात आणि खोकला मला येतो.’ हे वाक्य मालकांच्या कानावर गेलं. बाटल्या बंद करायचा विचार तिथून सुरू झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारनं १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आणली. त्यात प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ असं बरंच काही आहे. पण पाण्याची बाटली त्या यादीत नाही. म्हणजे हॉटेलवर सक्ती नव्हती. सिक्कीम राज्यात मात्र बाटलीबंद पाण्यावर २०२२ पासून बंदी आहे, आणि तिथल्या लाचेन नावाच्या डोंगराळ गावानं तर त्याच्या कितीतरी आधी, २०१२ साली, प्लास्टिकच्या पाणीबाटल्या गावात आणू द्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं. तिथेही पर्यटकच येतात. तेव्हा पर्यटक असलेल्या गावात हे चालतच नाही, असं म्हणता येत नाही.

आता पैशाचं. आपल्या गटात हिशेब आधी मांडतात, म्हणून मांडते. हॉटेलला बाटली घाऊक दहा रुपयांना पडायची. खोल्यांतल्या चोवीस फुकट बाटल्यांचे रोज दोनशे चाळीस, म्हणजे हंगामाचे अठ्ठेचाळीस हजार रुपये वाचणार होते. त्यातून आमच्या गटाला बाटली धुऊन भरून ठेवायचे दोन रुपये. चाळीस काचेच्या बाटल्यांचे रोज ऐंशी, हंगामाचे सोळा हजार. फिल्टर आणि दिवे बदलायला वर्षाला नऊ हजार. म्हणजे पंचवीस हजार खर्च आणि तेवीस हजार शिल्लक. इथपर्यंत छान. पण जेवणघरातल्या सोळा बाटल्या हॉटेल वीस रुपयांना विकायचं. त्यावरचा रोजचा एकशे साठ रुपयांचा नफा बुडणार, म्हणजे हंगामाचे बत्तीस हजार. तेवीसमधून बत्तीस गेले, तर नऊ हजारांचा तोटा! शिवाय टाक्या, नळ, दिवे, बाटल्या यांचा पहिला खर्च पाऊण लाख रुपये.

हा तोटा भरून काढायला मालकांनी कोकम सरबत मोठ्या अक्षरात जेवणाच्या यादीवर घातलं. आगळ आमच्या गटाचंच. पूर्वी बाटली घेणारे काही जण आता सरबत घेतात. दिवसाला आठेक पेले जास्त जातात आणि पेल्यामागे पंधरा रुपये सुटतात. म्हणजे हंगामाचे चोवीस हजार. एवढं धरून वर्षाला पंधरा हजार वाचतात आणि पाऊण लाख फिटायला पाच वर्षं लागतील. म्हणून पाटीवर कुठेही ‘बचत’ हा शब्द नाही. जे कारण खरं होतं तेच लिहिलं. पहिल्या मसुद्यात कुणीतरी ‘प्लास्टिक बाटलीतलं पाणी विष आहे’ असंही लिहिलं होतं. ते आम्ही काढायला लावलं. बाटलीतल्या पाण्यात प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण सापडतात, हे खरं आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एका लिटरमध्ये सरासरी दोन लाखांहून जास्त असे कण मोजले. पण त्यानं माणसाला नेमकं काय होतं, याचा उलगडा अजून व्हायचा आहे. मग पाटीवर विष कसं म्हणायचं? पाहुण्यानं एक वाक्य खोटं पकडलं की तो बाकीची चार खरी वाक्यंही मानत नाही.

आता पाण्याकडे वळू. हॉटेलची विहीर जांभ्या दगडातली. असं पाणी बहुधा हलकं असतं, त्यात क्षार कमी. यंत्र विकणारा माणूस आला, त्यानं पेनासारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवलं आणि मोठं आरओचं यंत्र घ्यायला सांगितलं. मीटरवर आकडा होता १२०. आमच्या गटातल्या दोघी जल जीवन मिशनच्या पाणी तपासणीच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या आहेत. गावोगाव पाच बायकांना हे प्रशिक्षण देतात, तुमच्याही गावात असतील. त्या दोघींनी विचारलं, ‘दादा, पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं धरतात. आमचं १२० आहे. मग आरओ कशाला?’

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आरओचं काम क्षार काढायचं. एक लिटर पाणी देताना ते दोन-तीन लिटर सांडपाणी म्हणून सोडून देतं. ज्या पाण्यात क्षार मुळातच कमी, तिथे ते यंत्र म्हणजे नुसती पाण्याची नासाडी. आणि टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतं. जंतूंबद्दल ते काहीही सांगत नाही. शौचखड्ड्याचं पाणी झिरपलेल्या विहिरीचा आकडाही १२० येऊ शकतो. तेव्हा कुणी मीटर बुडवून ‘पाणी शुद्ध आहे’ म्हणालं तर मान डोलावू नका.

आमच्याकडे त्या मीटरचा उपयोग वेगळा आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरीची पातळी खाली गेली की समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. जिभेला चव लागण्याआधी मीटर ते दाखवतं. आकडा ५०० वर गेला की हॉटेल वरच्या बागेतल्या, समुद्रापासून लांबच्या विहिरीवर जातं. गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तसं करावं लागलं.

मग आरओ न घेता काय घेतलं? तीन टप्पे. पहिला, गाळ अडवणारा फिल्टर. दुसरा, कोळशाचा फिल्टर, तो वास आणि चव सुधारतो. तिसरा, यूव्ही दिवा. या दिव्याचा किरण जंतूंना निकामी करतो. यात क्रम महत्त्वाचा. पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणाच्या सावलीत जंतू लपतो, त्याच्यापर्यंत किरण पोचत नाही. म्हणून आधी गाळ, मग दिवा. पावसाळ्यात विहीर गढूळली की पहिला फिल्टर दर आठवड्याला पाहावा लागतो. तो पांढऱ्याचा तांबडा झाला आणि नळाची धार बारीक झाली की बदलायची वेळ आली असं समजायचं.

हे सगळं बसवलं. तेव्हा एकच मोठा दिवा स्वयंपाकघराशेजारी होता. तिथून पाणी नळीनं तीन ठिकाणच्या स्टीलच्या टाक्यांत जायचं. पहिली पाटी लागली, ती अशी : ‘प्लास्टिक बाटल्या बंद. सहकार्य करावे.’ एवढीच. आणि पाहुणे चिडले. ‘पाणी कुठलं? नळाचं? आम्ही आजारी पडलो तर?’ एका बाईंनी तर बाहेरच्या दुकानातून बाटल्यांची पेटीच आणली. आम्ही खोली आवरायला गेलो तेव्हा सहा रिकाम्या बाटल्या टोपलीत. म्हणजे बाटल्या बंद झाल्याच नाहीत, फक्त दुकान बदललं. ‘बंद’ एवढं सांगून भागत नाही. पाणी कुठलं, त्याचं काय केलं, कुठे मिळेल, हे पाहुण्याला सांगावं लागतं.

पण खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात झाली.

दर सोमवारी आम्ही तिन्ही टाक्यांच्या नळाचं पाणी एच टू एस कुपीत भरतो. ही जंतूंची साधी चाचणी. आधी नळाचं तोंड स्वच्छ पुसायचं, थोडं पाणी वाहू द्यायचं, मग कुपीचं झाकण उघडायचं. झाकणाला आणि कुपीच्या तोंडाला आतून बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर आपल्याच हाताचे जंतू आत जातात. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि कुपी उबदार जागी ठेवायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाट पाहायची. पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतले जंतू मिसळले असण्याची दाट शक्यता, असं पाणी प्यायचं नाही.

मंगळवारी सकाळी काकींनी कपाट उघडलं. स्वागतकक्षाची कुपी जशीच्या तशी. जेवणघराची जशीच्या तशी. पहिल्या मजल्याची शाईसारखी काळी.

मालक कामासाठी कुडाळला गेले होते. हॉटेल भरलेलं. आमच्या गटाच्या अध्यक्ष वहिनी म्हणाल्या, ‘आता बोलू नका. गुपचूप ती टाकी धुऊ. पुन्हा कुपी भरू. कळलं तर मालक काम काढून घेतील, आणि पुन्हा बाटल्या येतील.’ वहिनी वाईट नाहीत. सोळा हजारांचं काम होतं, त्यावर दोघींनी शिलाई मशिनचे हप्ते धरले होते. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण काकी म्हणाल्या, ‘वर सात नंबरमध्ये लहान मूल आहे.’ मग कुणी काही बोललं नाही.

आम्ही मालकांना फोन केला. ते दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, ‘नळ बंद करा, वरच्या सगळ्या बाटल्या ओता, आणि प्रत्येक खोलीत जाऊन सांगा. मी निघालोच.’ अडीनडीला म्हणून सीलबंद पाण्याच्या दोन पेट्या ठेवलेल्या होत्या, त्या फोडल्या. पहिल्या मजल्यावरच्या अठरा काचेच्या बाटल्या ओतल्या. खोल्याखोल्यांतून जाऊन सांगितलं. एक गृहस्थ खूप बोलले. सात नंबरच्या ताई मात्र म्हणाल्या, ‘तुम्ही तपासता, हेच मला माहीत नव्हतं.’ कुणी आजारी पडलं नाही. पण ते आमच्या हुशारीनं नाही, नशिबानं.

आता दोष कुठे, हे शोधायचं होतं. दिव्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची कुपी भरली. वरच्या टाकीत पडणाऱ्या नळीची भरली. टाकीच्या नळाची पुन्हा भरली. दोन दिवसांनी पाहिलं. दिव्याची चांगली, नळीची चांगली, टाकीच्या नळाची काळी. म्हणजे पाणी टाकीपर्यंत चांगलं येत होतं आणि टाकीत बिघडत होतं. झाकण उघडलं तर तळाला स्टीलचा पेला पडलेला! नळाची धार बारीक म्हणून कुणीतरी झाकण काढून पेला बुडवून पाणी घेत होतं. नळाच्या तोंडात बोट घातलं तर आत बुळबुळीत थर. आणि वरच्या मजल्यावर पाहुणे कमी, त्यामुळे तेच पाणी तीन-तीन, चार-चार दिवस साठून राहायचं.

इथे एक समजून घ्या, कारण घरच्या फिल्टरलाही हे लागू आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल टाकतात, तेव्हा थोडं क्लोरीन पाण्यात उरतं आणि पुढेही राखण करतं. यूव्ही दिव्याचं तसं नाही. किरणाखालून पाणी गेलं तेवढ्यापुरतेच जंतू मेले. पाण्यात राखण करणारं काही उरत नाही. त्यानंतर एक घाणेरडा हात, एक पेला आत गेला की जंतू पुन्हा वाढायला मोकळे. आणि पाण्यात क्लोरीन असलंच तरी कोळशाचा फिल्टर ते आधीच काढून घेतो. म्हणून दिवा टाकीच्या आधी असणं ही आमच्या मांडणीतली चूक होती. दिवा अगदी शेवटी, नळाच्या तोंडाशी हवा.

तसंच केलं. आता प्रत्येक नळाआधी छोटा दिवा आहे. पाणी घेताना ते त्या क्षणी दिव्याखालून येतं. वरची टाकी चाळीस लिटरची होती, ती वीसची केली. झाकणाला कुलूप. रात्री उरलेलं पाणी झाडांना. आठवड्यातून एकदा टाकी आणि नळाचं तोंड घासून क्लोरीनच्या पाण्यानं धुवायचं. नळही उंच बसवला. पूर्वी त्याखाली फक्त पेला मावायचा, बाटली तिरकी धरावी लागायची आणि तिचं तोंड नळाला घासायचं. आता पाहुण्याची उंच बाटलीही सरळ उभी राहते आणि वर चार बोटं जागा उरते. हे सगळं झाल्यावर तीन वेगवेगळ्या दिवशी कुप्या भरल्या. तिन्ही चांगल्या आल्या, मगच वरचा नळ उघडला.

दिव्याच्याही दोन खोड्या सांगते. एक, लाईट गेली की दिवा विझतो, पण पाणी मात्र येत राहतं. आमच्याकडे पावसात लाईट किती जाते, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून दिवा विझला की लाल खूण लागते आणि पाणी आपोआप बंद होतं, असा नळ घेतला. तीन छोटे दिवे इन्व्हर्टरवर सहज चालतात. दुसरी खोडी, दिवा वर्षभर जळला की त्याचा निळा उजेड दिसत राहतो, पण जंतू मारायची ताकद उतरलेली असते. डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून दिवा बसवल्याची तारीख त्यावरच चिकटवायची आणि वर्ष झालं की तो बदलायचा. आणि दिवा उघडून डोळ्यांनी बघायचा नाही, त्या किरणानं डोळे दुखावतात.

राहिल्या बाटल्या. काचेची बाटली धुणं म्हणजे नुसती विसळणं नव्हे. आधी उरलेलं पाणी ओतायचं. कोमट पाण्यात साबण घालून लांब ब्रशनं आतून तळापर्यंत घासायचं. गार बाटलीत एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकते. आमच्या पहिल्याच दिवशी चार गेल्या. मग स्वच्छ पाण्यानं दोनदा विसळायचं. त्यानंतर क्लोरीनचं पाणी. दहा लिटर पाण्यात पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट वीस मिली, म्हणजे औषधाचे पाच मिलीचे चमचे चार. त्यात बाटली पूर्ण बुडवून दोन मिनिटं ठेवायची, पालथी निथळायची आणि फिल्टरच्या पाण्यानं शेवटचं विसळून भरायची. हे औषध उन्हात आणि जुनं झालं की कमजोर होतं, म्हणून सावलीत ठेवायचं आणि थोडंथोडं आणायचं. आणि संडास धुवायच्या ॲसिडजवळ ते कधीही न्यायचं नाही. दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो. आमच्याकडे दोन्हींची कपाटं वेगळी आहेत.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे झाकणातली रबराची चकती. बाटली लखलखीत असते आणि चकतीखाली काळा थर. ती आठवड्यातून एकदा नखानं उचलून काढायची, घासायची आणि वाळवून परत बसवायची. चिरलेली असेल तर टाकून द्यायची. नवीन मुलगी कामाला आली की काकी तिला पहिल्यांदा ती चकतीच दाखवतात.

म्हणून आता पाटी बदलली आहे. पाणी कुठलं ते लिहिलं आहे, कारण पाहुणा पहिलं तेच विचारतो. लाल दिव्याचं लिहिलं आहे, कारण लाईट जातेच. बाळाच्या पाण्याचं लिहिलं आहे, कारण दुधाची पावडर कालवायला आम्ही आजही उकळलेलंच पाणी देतो. सीलबंद पाण्याच्या दोन पेट्या अजूनही कपाटात आहेत. कुपी काळी आली किंवा यंत्र बिघडलं तर त्या लागतील. बाटल्या बंद म्हणजे डोळे बंद, असं नव्हे.

आणि खाली ती काळी चौकट. सोमवारी कुप्या भरायच्या, बुधवारी पाहायच्या. तिन्ही चांगल्या आल्या तरच सोमवारची तारीख खडूनं लिहायची. एखादी काळी आली तर तारीख पुसायची, त्या नळावर ‘बंद’ लिहायचं आणि पाहुण्यांना तोंडानं सांगायचं. हे मालकांशी लेखी ठरलं आहे. काळ्या कुपीची बातमी दिली म्हणून काम काढून घ्यायचं नाही, असंही त्यात आहे. ती ओळ वहिनींनी घालून घेतली.

परवा बुधवारी मी चौकटीत तारीख लिहीत होते. एक पाहुणे मागे उभे होते. त्यांनी तारीख वाचली, पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि नळाखाली धरली. काही विचारलं नाही.

तुमच्या गावात लग्नाचं कार्यालय असेल, खानावळ असेल, घरगुती पर्यटनाच्या खोल्या असतील आणि तिथे कुणी बाटल्या बंद करायच्या म्हणत असेल, तर दोन गोष्टी आधी विचारा. दिवा टाकीच्या आधी आहे की नंतर? आणि पाटीवर तारीख कोण लिहिणार? पाणी तपासणीच्या कुप्यांबद्दल तुमच्या ग्रामपंचायतीत विचारा आणि प्रशिक्षण झालेल्या पाच जणी कोण, ते शोधा. कदाचित त्यातली एक आत्ता तुमच्या शेजारीच बसली असेल.

येते आता. सकाळी बाटल्या धुवायच्या आहेत.